काचबिंदूची बाटली आणि चौथा मंगळवार

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. खाली मांडलेलं प्रकरण माझ्याच गिऱ्हाइकाच्या घरातलं आहे. त्या घराच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यात माझीही चूक आहे आणि ती कुठे झाली तेही सांगणार आहे.

पार्श्वभूमी

आजींचं वय ७२. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. उजव्या डोळ्याची नजर तोवर बरीच कमी झाली होती, डावा डोळा चांगला होता. डॉक्टरांनी लॅटानोप्रोस्टचे थेंब लिहून दिले: रोज रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, कायमचे. औषधाने डोळ्यांतला दाब उतरला. पहिल्या वर्षी तपासणीत उजव्या डोळ्याचा दाब १६ आणि डाव्याचा १७ मिलिमीटर पारा असा राहिला.

लॅटानोप्रोस्टची बाटली अगदी लहान असते, अडीच मिलिलिटरची. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण चार आठवड्यांनी टाकून द्यायची. आपल्याकडे डोळ्यांच्या औषधाच्या वेष्टनावर 'उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरा' अशा अर्थाची सूचना कायद्यानेच छापावी लागते. ती छापलेली असते, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरात की काचबिंदूच्या रुग्णाने ती वाचावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

घरात आजी, मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू. मुलगा मंगळवारी आठवडी बाजाराला गावात येतो. आजींचं औषध तोच नेतो. थेंब आजी स्वतःच घालत. त्यांना त्याचा अभिमान होता आणि घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अडचण

४ मार्च २०२५, मंगळवार. मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊ, आईचा उजवा डोळा तीन दिवसांपासून लाल आहे, सकाळी चिकटलेला असतो. एखादी अँटिबायोटिकची ट्यूब द्या."

मी ट्यूब दिली नाही. काचबिंदूच्या रुग्णाचा डोळा लाल झाला तर ते साधे डोळे येणं असू शकतं, औषधाची ॲलर्जी असू शकते, आणि दाब एकदम वाढल्यानेही डोळा लाल होतो. काउंटरवरून हे ओळखता येत नाही. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावून दुपारची वेळ घेतली आणि त्याला सांगितलं की आजींना घेऊन जा, आणि घरात जी बाटली चालू आहे ती सोबत ने.

बाटली मात्र तो आधी माझ्याकडे घेऊन आला, म्हणून ती मला पाहता आली. टोकाभोवती पांढरट खपली धरली होती. बाटली उजेडात धरली तर औषध अजून हलताना दिसत होतं. खोक्यावरची एक्सपायरी पुढच्या वर्षीची होती. "तारीख तर बाकी आहे," मुलगा म्हणाला. त्याचं म्हणणं प्रामाणिक होतं. ती तारीख बंद बाटलीची असते, झाकण फिरवून सील तुटलं की तिचा उपयोग संपतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी.

मग मी बिलं काढली. १२ ऑक्टोबर, ३ डिसेंबर, २३ जानेवारी. म्हणजे आधीची एक बाटली ५२ दिवस चालली, दुसरी ५१ दिवस, आणि हातातली चाळिसाव्या दिवशीही संपली नव्हती.

इथे थोडा हिशोब करावा लागतो, कारण सगळं प्रकरण त्यातच उलगडलं. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. रोज दोन थेंब म्हणजे २८ दिवसांत ५६. त्यामुळे टाकून देण्याच्या दिवशी बाटलीत वीस-पंचवीस थेंब उरतातच, आणि उरलेलं औषध टाकायला कुणाचा हात धजत नाही. पण उरलेले थेंबही पूर्ण वापरले तरी बाटली चाळीस दिवसांपलीकडे जात नाही. ५२ रात्री रोज दोन थेंब म्हणजे १०४ थेंब, आणि तेवढे बाटलीत नसतातच. बाटली मुदतीपलीकडे वापरली जात होती हे तर उघड होतं, पण थेंबही चुकत होते.

हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याला पटलं नाही. "आई एक रात्र चुकवत नाही."

आजींचा हिशोब

दवाखान्यातून परतताना आजी स्वतः दुकानात आल्या. बाकावर बसवून मी त्यांना विचारलं की थेंब कसे घालता, जरा करून दाखवा. रिकाम्या बाटलीने त्यांनी दाखवलं. बाटलीचं टोक त्यांनी खालच्या पापणीला टेकवलं आणि मग हळूच दाबलं.

"असं टेकवलं की थेंब गालावर जात नाही," त्या म्हणाल्या. "आधी दोन-तीन वाया जायचे."

आणि रोज दोन्ही डोळ्यांत? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "डाव्यात रोज. उजव्यानं तसंही कमी दिसते, त्यात दिसाआड. एवढं महाग औषध, पोराला सारखं आणायला लावायचं कायले?"

म्हणजे दोन रात्रींत तीन थेंब. ८० थेंब या गतीने ५३ रात्री पुरतात. माझ्या बिलांतला आकडा ५२ होता. मुलगा बाजूला उभा होता, त्याने मान खाली घातली.

आजींच्या काटकसरीने तीन गोष्टी एकाच वेळी केल्या होत्या. थेंब वाया जाऊ नये म्हणून टोक पापणीला टेकलं, आणि ज्या डोळ्याने कमी दिसतं तिथे अंदाज येत नसल्याने जास्त जोरात टेकलं. बाटली पुरावी म्हणून ती मुदतीपलीकडे चालली. आणि उजव्या डोळ्याला औषध निम्मंच मिळालं. डॉक्टरांनी त्या दिवशी दाब मोजला तेव्हा डावा १७ होता आणि उजवा २४.

२८ दिवसच का

बाटलीत औषधासोबत जंतुरोधक असतं, बहुतेक वेळा बेन्झाल्कोनियम क्लोराइड. आत शिरलेल्या थोड्या जंतूंना ते वाढू देत नाही. पण ते बाटली पुन्हा निर्जंतुक करत नाही, आणि रोज टोकावाटे नवी भर पडत राहिली तर त्याची ताकद अपुरी पडते. औषधसंहितेत जंतुरोधक तपासण्याची जी चाचणी असते तिच्यात औषधात मुद्दाम जंतू सोडतात आणि ७ व्या, १४ व्या आणि २८ व्या दिवशी किती उरले ते मोजतात. २८ व्या दिवसानंतर काय होतं ते ही चाचणी सांगत नाही. माझ्या लेखी २८ चा आकडा म्हणजे तपासलेल्या काळाची कड आहे. एकोणतिसाव्या दिवशी औषधाचं विष होत नाही, पण त्यापुढे हमी देणारं कुणी नसतं.

जुन्या बाटलीत जंतू वाढले आहेत हे डोळ्यांनी कळतं का, असं मुलाने विचारलं. बहुतेक वेळा नाही. गढूळपणा, तरंगणारे कण, टोकावरची खपली दिसली तर बाटली तिथेच टाकायची, मग दिवस पाचवा का असेना. पण पाण्यासारखं नितळ दिसणारं औषधही दूषित असू शकतं. टोक आतल्या द्रवापेक्षाही आधी बिघडतं, आणि आजी नेमकं तेच पापणीला लावत होत्या.

पहिली रात्र

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला जिवाणूंचा संसर्ग झाल्याचं सांगून सात दिवसांचे अँटिबायोटिक थेंब दिले. संसर्ग त्या बाटलीतूनच आला का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. बाटलीची तपासणी केल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं आणि उपचारात त्याने फरक पडणार नव्हता. म्हणून मीही इथे तसा दावा करत नाही.

त्या संध्याकाळी एक निर्णय लगेच घ्यायचा होता. घरच्यांचा कल होता की डोळा बरा होईपर्यंत काचबिंदूचे थेंब बंद ठेवावेत, "दोन-दोन औषधं नकोत." पण दाब आधीच २४ होता. डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, चालू ठेवा, पण नव्या बाटलीतून, आणि दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचं अंतर ठेवा. जुनी बाटली मी काउंटरवरच ठेवून घेतली. ती घरी परत गेली असती तर "आणीबाणीला असू दे" म्हणून कुठल्यातरी कोनाड्यात राहिली असती.

पुढे काय करायचं: पर्याय

नव्या बाटलीचं काय करायचं यावर मी, मुलगा आणि सूनबाई बराच वेळ बोललो.

पहिला विचार असा की विकतानाच मी बाटलीवर तारीख टाकून द्यावी. पण बाटली विकली त्या दिवशी उघडली जाईलच असं नाही. बंद बाटली फ्रिजमध्ये महिनाभर राहिली तर माझी तारीख खोटी ठरते, आणि खोटी तारीख एकदा पाहिलेला माणूस पुढच्या खऱ्या तारखेवरही विश्वास ठेवत नाही.

दुसरा विचार, घरच्यांनी उघडल्याची तारीख लिहावी. बहुतेक ठिकाणी हेच सांगतात आणि मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो, जेव्हा सांगायचो तेव्हा. पण '४ मार्च' हा आकडा वाचून आज काय करायचं ते कळत नाही. रोज रात्री कुणीतरी त्यात २८ मिळवून पाहायला हवं, आणि फेब्रुवारी-मार्च असे महिने ओलांडताना ते चुकतं. टाकून देण्याची तारीख लिहिली तर हिशोब एकदाच, उघडताना होतो. नंतर फक्त आजची तारीख पाहायची. फरक लहान वाटतो, पण अंधूक दिसणाऱ्या माणसाच्या घरात तोच निर्णायक ठरतो.

जंतुरोधक नसलेल्या, एकेका वापराच्या छोट्या कुप्यांचाही विषय निघाला. आमच्या गावात त्या नियमित मिळत नाहीत, त्या महाग पडतात आणि आजींच्या बोटांना त्या तोडता आल्या नसत्या. तो विषय तिथेच संपला.

मग महिना की २८ दिवस? वेष्टनावर महिना म्हटलेलं, डॉक्टरांच्या कागदावर चार आठवडे. दोन-तीन दिवसांच्या फरकाने औषधात काही उलथापालथ होत नाही. मी २८ धरला तो वाराच्या सोयीसाठी. २८ म्हणजे बरोबर चार आठवडे, म्हणून मंगळवारी उघडलेली बाटली मंगळवारीच जाते, कोणताही महिना असो. आणि मंगळवार बाजाराचा, मुलगा गावात असतोच.

एक अवघड गोष्ट उरली होती, ती मीच काढली. आजवर वर्षाला सात बाटल्या लागत होत्या, आता तेरा लागतील. खर्च जवळजवळ दुप्पट. मुलगा गप्प झाला. त्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे, हे मला माहीत होतं. डॉक्टरांना विचारून आम्ही त्याच औषधाच्या स्वस्त कंपनीच्या बाटलीवर आलो. त्याने वाढीव खर्चातला बराचसा भाग भरून निघाला, सगळा नाही. हा खर्च मान्य करायचा की नाही हा निर्णय त्या घराचा होता, आणि तो त्यांनी आकडा समोर ठेवून घेतला याला माझ्या दृष्टीने महत्त्व आहे.

काय केलं

दुकानात मलमपट्टीला वापरतात ती कागदी चिकटपट्टी असते. तिचा बोटभर तुकडा बाटलीला गुंडाळला आणि त्यावर पक्क्या शाईच्या मार्करने ठळक लिहिलं: 'फेकणे १ एप्रिल, मंगळवार'. बॉलपेनची शाई फ्रिजमधल्या ओलाव्याने पुसते. पट्टी लावताना बॅच क्रमांक आणि छापील एक्सपायरी झाकली जाणार नाही हे पाहिलं. खोक्यावर किंवा झाकणावर काही लिहिलं नाही, कारण घरात दोन बाटल्या असल्या की खोकी आणि झाकणं अदलाबदल होतात.

पहिला थेंब ४ मार्चच्या रात्री, शेवटचा ३१ मार्चच्या रात्री. मोजलं तर बरोबर २८ रात्री. १ एप्रिलला सकाळी मुलगा जुनी बाटली घेऊन येणार आणि नवी नेणार. पुढच्या तारखा २९ एप्रिल, २७ मे, २४ जून.

सूनबाईंनी एक भर घातली जी मला सुचली नव्हती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख आणि दुधाचा हिशोब लिहितात. त्याच कॅलेंडरवर त्यांनी वर्षभराचे चौथे मंगळवार लाल पेनाने गोल करून टाकले. ज्या जागी घरातली माणसं रोज पाहतात तिथे ही तारीख गेली.

बाटलीची जागाही बदलली. आधी ती देवघराशेजारच्या कोनाड्यात असे, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात घरातही २५ अंश ही स्वप्नातली गोष्ट आहे. आता उघडलेली बाटलीही फ्रिजमध्ये, एका छोट्या डब्यात उभी राहते. तशी ठेवलेली चालते, फक्त गोठता कामा नये, म्हणून बर्फाच्या कप्प्यापासून दूर.

थेंब आता सूनबाई घालतात. आजींना आधी हे रुचलं नाही. खालची पापणी जरा ओढायची, टोक डोळ्यापासून बोटभर वर धरायचं आणि थेंब पडू द्यायचा. गालावर गेला तर दुसरा घालायचा. "वाया गेला," आजी पहिल्या आठवड्यात रोज म्हणत. तेव्हा सूनबाई त्यांना पट्टीवरची तारीख वाचून दाखवत: मंगळवारी बाटली जाणारच आहे, आत वीस थेंब उरले तरी जाणार आहे, मग आज एक सांडला तर काय बिघडलं? मला यात या तारखेचा खरा उपयोग दिसला. थेंब वाचवून काही शिल्लक पडणारच नसेल, तर वाचवायचं कारणच राहत नाही.

मध्येच एक घोळ

मे महिन्यात नातवाला कानदुखी झाली. बालरोगतज्ज्ञांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलेनिक ॲसिडचं सिरप दिलं, भुकटीत पाणी घालून बनवायचं असतं ते. बाराव्या दिवशी सूनबाई दुकानात आल्या, मुलाचा कान पुन्हा दुखतोय, तेच सिरप देऊ का म्हणून विचारायला. बाटलीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर व्यवस्थित, २८ दिवसांनंतरची तारीख.

त्यांनी शिकवलेलं मनापासून पाळलं होतं. चूक माझी होती. मी त्यांना २८ चा नियम दिला, पण तो कोणत्या बाटलीचा ते सांगितलं नाही. पाणी घातलेलं हे सिरप फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच चालतं, कारण त्यातलं क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड पाण्यात लवकर मोडतं. इथे कारण जंतूंचं नाही, औषधच क्षीण होण्याचं आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. शिवाय उपचार पूर्ण झाल्यावर उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या दुखण्याला ठेवायचंच नसतं. मी ते ठेवून घेतलं आणि नातवाला डॉक्टरांकडे पाठवलं.

तेव्हापासून पट्टी मी स्वतः पाहतो. कायमच्या औषधावर टाकून देण्याची तारीख आणि सात दिवसांच्या औषधावर उपचार संपण्याची तारीख लिहितो. आजींच्या अँटिबायोटिक थेंबांची उरलेली बाटलीही अशीच फ्रिजच्या दारात सापडली होती.

परिणाम

उजव्या डोळ्याचा संसर्ग आठवड्यात बरा झाला. सहा आठवड्यांनी दाब मोजला तेव्हा उजवा १८ आणि डावा १७. दाब उतरला तो उजव्या डोळ्याला रोज थेंब मिळू लागल्याने, की ताज्या आणि थंड ठेवलेल्या औषधाने, की दोन्हींमुळे, हे वेगळं काढता येत नाही. माझा कौल रोजच्या थेंबाकडे आहे. डॉक्टरांनी पुढे नजरेच्या परिघाची चाचणी केली, तिच्यात नवं नुकसान दिसलं नाही. जे आधी गेलं होतं ते मात्र परत येणार नाही.

बिलं आता २८ दिवसांनी पडतात. जूनमध्ये एक मंगळवार पावसाने चुकला, बाटली दोन दिवस जास्त चालली. मी त्यावरून काही बोललो नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच बिलाच्या वेळी झाकण फिरवून, सील दाखवून सांगायला हवं होतं की खोक्यावरची तारीख इथे संपते. एका मिनिटाचं काम होतं.

त्याहून मोठी चूक पुढची. डिसेंबरमध्ये बाटली ५२ दिवसांनी मागितली गेली तेव्हाच माझ्या संगणकात ते अंतर दिसत होतं. गिऱ्हाईक लवकर आलं तर दुकानदाराच्या लक्षात येतं, उशिरा आलं तर येत नाही. आता काचबिंदूच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मागची दोन बिलं मी पाहतो आणि अंतर ३५ दिवसांच्या वर गेलं की विचारतो. "औषध चुकवता का?" असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. "थेंब कसे घालता, करून दाखवा," म्हटलं की कळतं.

एका गोष्टीचा निर्णय माझ्या मनात अजून झालेला नाही. थेंब घालण्याचं काम आजींच्या हातून काढून घ्यायला हवं होतं का? टोक न टेकवता घालायला त्यांना शिकवता आलं असतं, आरशासमोर, बाटली धरायच्या साध्या आधारासह. आम्ही घाई केली. परवा सूनबाई माहेरी गेल्या होत्या तेव्हा आजींनी स्वतः थेंब घातले, आणि मंगळवारी मुलासोबत बाटली पाठवून दिली, टोक स्वच्छ आहे का ते मी पाहावं म्हणून. स्वच्छ होतं.